पंचेचाळीस कट्टे

माझं काम गोदामातल्या थप्प्या मोजायचं आहे. घरी कोणी विचारलं तर आई सांगते, "बँकेत आहे." बँकेत नाही. बँका आणि वित्त कंपन्या ज्यांना गोदाम तपासायला पाठवतात, तशा एका एजन्सीत मी आहे. शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा माल गोदामात, त्याची पावती बँकेत आणि बँकेचे पैसे त्याच्या खात्यात, असा हा व्यवहार असतो. बँकेचा माणूस ते गोदाम रोज बघत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, कधी न सांगता, मी जाते.

गाव झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या अलीकडे. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. कापूस तारण ठेवणं लहान शेतकऱ्याला जमण्यासारखं नाही. त्याला जागा फार लागते आणि आगीची भीती असते. त्यामुळे पावतीवर कर्जाचा विषय आमच्याकडे निघतो तो सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा.

2024च्या ऑक्टोबरात काकाजींचं सोयाबीन निघालं. चार एकरांत चोवीस क्विंटल. खेडा खरेदीवाला दारात गाडी घेऊन आला आणि 3,700 म्हणाला. त्या दिवशी बाजारात चांगल्या मालाला 4,200च्या आसपास होता आणि केंद्राचा हमीभाव 4,892. मधलं अंतर कशाचं, तर ओलीचं. मी मीटर लावला, पंधरा टक्के आली. काकाजींना कापूस वेचणाऱ्या बायांचे पैसे द्यायचे होते आणि हरभरा पेरायचा होता. पैसे आठवडाभरात हवे होते. या आठवड्यातच आमच्याकडचं बहुतेक सोयाबीन विकलं जातं.

मी म्हटलं, तारण ठेवू.

राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा. त्या दिवशीचा बाजारभाव किंवा हमीभाव, यात जो कमी असेल त्याने किंमत धरतात आणि तिच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. मुदत 180 दिवस आणि व्याज वर्षाला सहा टक्के. मुदतीत सोडवलं नाही तर दर चढत जातो. गोदामभाडं शेतकऱ्याला पडत नाही. व्यापाऱ्याचा माल या योजनेत घेत नाहीत.

पण आधी वाळवणं आलं. दोन दिवस ताडपत्रीवर सोयाबीन पसरलं, दर तासाला पाय घालून उलटवलं, मग चाळलं. गोदामाच्या काट्यावर वजन भरलं 22 क्विंटल 50 किलो. काकाजी माझ्याकडे बघतच राहिले.

"चोवीस होते, साडेबावीस कसे झाले? मले काय समजत नाही का?"

"पाणी गेलं, काकाजी."

"व्यापारी तं पाण्यासंगच घेत होता."

"घेत होता, पण 3,700नं."

हा हिशोब मी त्यांना पोत्यावर खडूने लिहून दाखवला. चोवीस क्विंटलात पंधरा टक्के पाणी म्हणजे कोरडं सोयाबीन 20 क्विंटल 40 किलो. हे कोरडं कुठेही जात नाही. ओल अकरावर आली की हेच 20.40 एकूण वजनाच्या 89 टक्के होतं, म्हणजे एकूण वजन 22 क्विंटल 92 किलो. उरलेले चाळीसेक किलो चाळणीखाली गेले, माती, काड्या आणि फुटकी डाळ मिळून. साडेबावीस क्विंटल म्हणजे पन्नास किलोचे पंचेचाळीस कट्टे. 4,200 भावाने किंमत 94,500 आणि त्याचे 75 टक्के म्हणजे 70,875 रुपये.

वाळवल्याशिवाय गोदामवाला घेत का नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं. बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल ठेवून पोतं थप्पीच्या पोटात गेलं की दाणा श्वास घेतो, उष्णता धरतो, बुरशी लागते. तीन महिन्यांनी बाहेर निघतो तेव्हा तांबूस, कुबट आणि तेलमिलवाल्याने नाकारलेला. आणि एक ओलं पोतं शेजारच्या चार चांगल्या पोत्यांना घेऊन बुडतं. कर्ज देणारा ज्या मालावर पैसे देतो तो माल सहा महिने तसाच राहणार आहे की नाही, हे पहिल्या दिवशीच्या मीटरवर ठरतं. म्हणून तपासणीत मी सगळ्यात आधी आवक रजिस्टर उघडते आणि ओलीचा रकाना बघते. प्रत्येक शेतकऱ्यापुढे "11.0" असं एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेलं असेल, तर मीटर कपाटातच होता असं मी धरून चालते. साठ शेतकऱ्यांचा माल दशांशापर्यंत सारखा कधीच येत नाही.

मग थप्पी. गोदामातली पोती कशीही टाकलेली नसतात. जमिनीवर लाकडी फळ्या किंवा प्लास्टिकचे चौथरे, त्यावर आडवी-उभी अशी एकमेकांत अडकवलेली पोती. भिंत आणि थप्पी यांच्यात माणूस चालेल एवढी जागा. ही जागा माझ्यासाठी नसते. भिंतीची ओल पोत्याला लागू नये, उंदराची लेंडी दिसावी आणि औषध मारता यावं, यासाठी असते. समोर थप्पीचं कार्ड लटकतं. त्यावर माल कोणाचा, किती पोती, कधी आली, कधी किती गेली, औषध कधी मारलं आणि तारण कोणाकडे, हे सगळं असतं.

मोजणं सोपं वाटतं. पायथ्याला आठ पोती लांबीत आणि सहा रुंदीत असतील तर एका थरात 48, आणि बारा थर म्हणजे 576. कार्डावरही 576. बरेच जण इथेच सही करतात. पण तुम्ही फक्त बाहेरची पोती मोजलेली असतात, आतली गुणाकाराने गृहीत धरलेली असतात. आणि फसवायचं असेल तर माणूस आतच फसवतो. पोकळ थप्पी म्हणतात तिला. चारही बाजूंनी आणि वरच्या थराला खरा माल, पोटात भुसा, किंवा नुसत्या फळ्या आणि हवा.

म्हणून मी वर चढते. पहिल्यांदा एका गोदामात चढले तेव्हा तिथले हमाल हसले होते, पोरगी थप्पीवर चढते म्हणून. चढल्यावर मधोमध चालायचं. भरीव थप्पीवर पाय सगळीकडे सारखा बसतो. पोकळीवर मधली पोती किंचित झोळ धरतात, पायाला कळतं. मग कुठलीही दोन-तीन पोती हमालाकडून बाजूला करून खालच्या थरात परखी घालायची. परखी म्हणजे टोकदार, मधे खाच असलेली लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतले दाणे तळहातावर येतात. कुठली पोती काढायची हे गोदामवाल्याने सांगायचं नाही, मी सांगायचं. "मॅडम, ते काढलं तर थप्पी पडेल," असं कुणी म्हणालं की मी नेमकं तेच काढायला लावते.

एका गोदामात (कुठलं ते सांगत नाही) माझ्या परखीत तिसऱ्या थराखाली सोयाबीनऐवजी त्याचा भुसा आला. बाहेरून ती थप्पी इतकी नीटनेटकी होती की फोटो काढावा. माझ्या आधीच्या तपासनिसाने काढलाही होता. अहवालाला जोडलेला होता.

ही युक्ती नवी नाही. 1963 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेयॉन या गावी टिनो डी अँजेलिस नावाच्या व्यापाऱ्याने टाक्यांमध्ये पाणी भरून वर थोडं तेल तरंगत ठेवलं होतं. तेल सोयाबीनचंच. तपासणारे वरून माप घालत आणि टाकी भरलेली आहे असं लिहीत. त्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या एका उपकंपनीने दिलेल्या होत्या आणि त्यांवर कोट्यवधी डॉलरची कर्जं उचललेली होती. आपल्याकडे 2013च्या जुलैअखेर मुंबईतल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, सुमारे 5,600 कोटी रुपये अडकले आणि ज्या गोदामांच्या पावत्या लोकांकडे होत्या त्यांतल्या कित्येक ठिकाणी माल सापडलाच नाही. दोन्हीकडे कागद व्यवस्थित होते.

नव्या माणसाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते, ती घटीची. यवतमाळ जिल्ह्यातला एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक असेल तर कल्पना करा, पत्र्याच्या गोदामात काय होत असेल. अकरा टक्के ओलीने ठेवलेलं सोयाबीन उन्हाळ्यात नऊवर येऊ शकतं. 576 पोत्यांची थप्पी म्हणजे 288 क्विंटल. अकरावरून नऊवर आली तर तिचं वजन सहा क्विंटलांहून जास्त घटतं, कोणी एक दाणा न चोरता. नवा तपासनीस ही घट बघतो आणि चोरी म्हणून लिहितो. मला उलट भीती वाटते ती मे महिन्यात ऑक्टोबरचंच वजन किलोपर्यंत जुळतं तेव्हा. असं जुळायला एक तर कोणी पोत्यांवर पाणी शिंपडलेलं असतं, नाहीतर वजन केलेलंच नसतं, जुना आकडा उतरवलेला असतो. म्हणून वजन आणि ओल एकत्र बघायची. वजन घटलं आणि ओलही घटली, तर हिशोब लागतो. वजन घटलं पण ओल तेवढीच, तर पोती गेलेली आहेत.

इमारतीकडे मी फार वेळ देत नाही, पण एक गोष्ट करते. भर दुपारी सगळे दरवाजे बंद करायला सांगते आणि अंधारात वर बघते. पत्र्याला भोक असेल तर तिथे चांदणी दिसते. जितक्या चांदण्या, तितक्या ठिकाणी जुलैत धार. थप्पीच्या बरोबर वर चांदणी असेल तर ती अहवालात जाते. तुरीच्या थप्पीजवळ पोत्याच्या शिवणीवर हात फिरवते. भुंगा लागलेला असेल तर हाताला पीठ लागतं आणि दाण्यावर सुईने टोचल्यासारखं गोल भोक दिसतं. त्यावर उपाय म्हणजे थप्पी जाड ताडपत्रीने झाकून, कडा वाळूच्या नळ्यांनी दाबून आत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी. हे जीवघेणं औषध आहे, प्रशिक्षित माणसानेच हाताळायचं. धुरीचं रजिस्टर मागितल्यावर कोणी नुसत्या गोळ्यांचा रिकामा डबा दाखवला तर मी ताडपत्री मागते. ताडपत्री नसेल तर गॅस हवेत गेला आणि भुंगा तुरीत राहिला.

यानंतरचे प्रश्न धान्याचे नाहीत, मालकीचे आहेत. गोदामाची जागा कोणाची? भाड्याची असेल तर करार कधी संपतो? उद्या घरमालकाने भाड्यासाठी कुलूप घातलं तर आतला माल कोणाच्या ताब्यात? किल्ल्या किती आणि कोणाकडे? विमा आगीचा आणि चोरीचा आहे, पण गोदामाच्याच माणसाने माल बाहेर काढला तर त्याचा आहे का? काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का चालू वर्षाचा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, याच थप्पीवर आणखी कोणी पैसे दिलेत का?

शेवटच्या प्रश्नासाठीच कायद्याने पावतीचं रूप बदललं. गोदाम विकास व नियमन कायदा 2007चा. तो 2010 साली लागू झाला आणि वखार विकास व नियामक प्राधिकरण सुरू झालं. प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामाची पावती परक्राम्य असते, म्हणजे ती दुसऱ्याच्या नावे करता येते आणि ज्याच्या नावे ती असेल त्याचा माल. 2017 पासून ही पावती कागदावर न राहता इलेक्ट्रॉनिक झाली. शेअर जसे डीमॅट खात्यात असतात तशी ती दोनपैकी एका भांडारात नोंदलेली असते. बँकेने कर्ज देताना तिथे बोजा चढवला की तीच पावती दुसऱ्या बँकेला दाखवता येत नाही आणि बँकेने बोजा उतरवल्याशिवाय गोदामवाल्याला माल सोडता येत नाही. कागदी पावतीची झेरॉक्स घेऊन दोन बँका फिरणाऱ्यांचा रस्ता इथे बंद होतो. पोकळ थप्पीचा होत नाही. त्यासाठी अजूनही कोणाला तरी वर चढावंच लागतं.

बाजार समितीची तारण पावती या भांडारात नसते. तिथे कर्ज देणारी आणि माल सांभाळणारी संस्था एकच असल्याने ते चालून जातं. राज्य वखार महामंडळाची गोदामं आहेत, तिथे शेतकऱ्याला भाड्यात सवलत मिळते आणि त्या पावतीवर बँका कर्ज देतात. पण बँकेचं व्याज सहा टक्क्यांहून जास्त असतं, आणि बँकेला आणखी एक अडचण असते, ती मी आहे. मी एका गोदामात गेले की माझा प्रवास, दिवस आणि अहवाल यांचा खर्च तेवढाच येतो, थप्पी दोन हजार क्विंटलची असो की साडेबावीसची. दोन हजार क्विंटलच्या व्यापाऱ्याला तो खर्च जाणवत नाही. पंचेचाळीस कट्ट्यांच्या कर्जातून तो निघतच नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने शंभर जणांचा माल एका थप्पीत आणला तर निघतो. पण मग आपल्याच पोत्यातला माल परत मिळणार नाही, तेवढ्या दर्जाचा मिळेल, हे शंभर जणांना आधी मान्य व्हावं लागतं. काकाजींना ते आजही मान्य नाही. त्यांनी आपल्या कट्ट्यांवर निळ्या रंगाने खूण केली होती.

काकाजींचं पुढे काय झालं ते सांगते. 70,875 रुपयांत मजुरी आणि हरभरा निघाला. हमीभाव केंद्रावर नाव आधीच नोंदवलं होतं. पण त्या वर्षी केंद्रांवर बारदान्याची टंचाई होती, खरेदी रखडत होती आणि नंबर आला जानेवारीत. तोवर कापसाचे पैसे हाती आले होते, त्यातून कर्ज फेडलं. 75 दिवसांचं व्याज 875 रुपयांच्या आत. गोदामातून निघालं 22 क्विंटल 40 किलो, ते 4,892 भावाने 1,09,581 रुपयांना गेलं. खेडा खरेदीवाल्याचे चोवीस क्विंटलाचे 88,800 झाले असते. व्याज, दोनदाची गाडी, हमाली आणि वाळवण्याची मजुरी काढून सोळा-सतरा हजार जास्त.

हे वाचून कोणी ऑक्टोबरात गोदामाकडे पळू नये. काकाजींचा फायदा हमीभावामुळे झाला, बाजारामुळे नाही. त्याच हंगामात जे बाजार वाढेल म्हणून थांबले, त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्येही चार हजारांच्या आसपासच मिळत होते. 2021च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांचा भाव पाहिलेली माणसं तो आकडा विसरायला तयार नाहीत, म्हणून थांबतात. सहा टक्क्यांनी सहा महिने थांबण्याची किंमत काकाजींच्या हिशोबात क्विंटलमागे पंचाण्णव रुपये पडली असती, वर गाडीभाडं. भाव तेवढाही चढला नाही तर तोटा. भाव पडला तर बँक 75 टक्क्यांचं प्रमाण राखण्यासाठी आणखी पैसे किंवा माल मागते. नाही दिला तर मुदतीआधीच विकायला काढते. 75 टक्केच का देतात, शंभर का नाही, याचं उत्तर हेच.

आमच्या शेजारी एक मावशी आहेत. मक्त्याने तीन एकर करतात. जमीन ज्यांची आहे ते वणीला राहतात. काकाजींचं ऐकून त्या पुढच्या हंगामात माझ्याकडे आल्या, माल वाळवून, चाळून, पोती शिवून. मीटरवर साडेदहा. काकाजींच्या मालापेक्षा स्वच्छ. तारण योजनेसाठी काय लागतं ते मी सांगितलं. आधार, पासबुक, आणि पिकाची नोंद असलेला सातबारा.

सातबारा मालकाच्या नावावर. पीक पेऱ्याची नोंदही त्यांच्याच नावाच्या उताऱ्यावर. मालकाला फोन केला तर ते म्हणाले, मी सही देतो, पण मग कर्ज माझ्या नावावर दिसणार ना? आणि उद्या कूळ म्हणून काही निघालं तर? त्यांचंही काही अगदीच खोटं नव्हतं.

व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या योजनेत घुसू नये म्हणून ही अट आहे आणि तपासनीस म्हणून मी ती रोज तपासते. थप्पी कोणाची हे सातबाऱ्यावरून ठरतं. मावशींनी त्याच संध्याकाळी खेडा खरेदीवाल्याला बोलावलं. त्याने मीटर आणलाच नव्हता. मुठीत दाणे घेऊन दाताखाली एक फोडला आणि पंधरा टक्क्यांच्या मालाचा भाव सांगितला. मी माझा मीटर पुढे केला. साडेदहा बघून त्याने क्विंटलमागे शंभर रुपये वाढवले आणि कटती मात्र नेहमीचीच कापली.